व्हिडिओतले चेहरे झाकताना



११ नोव्हेंबरला, मौलाना आझादांच्या जन्मदिनी, आमच्या शाळेत राष्ट्रीय शिक्षण दिन झाला. नात झाली, मुलांनी एक छोटे नाटक केले, मग बक्षिसे वाटली. तासाभराच्या चित्रीकरणातून सात मिनिटांचा व्हिडिओ तयार करून पालकांना पाठवायचे ठरले. त्याआधी प्रत्येक घरी एक चिठ्ठी गेली. चिठ्ठी अशी होती:

"कार्यक्रमाचा व्हिडिओ लिंकने पाठवला जाईल. त्यात सर्व विद्यार्थ्यांचे चेहरे धूसर केलेले असतील. नाव, वर्ग, हजेरी क्रमांक दिसणार किंवा ऐकू येणार नाहीत. आपल्या पाल्याचा सहभाग असलेला भाग वगळावा असे वाटत असल्यास वर्गशिक्षकांना कळवावे. कारण सांगण्याची गरज नाही. मूळ चित्रीकरण पालकसभेच्या दिवशी शाळेच्या सभागृहात एकदा दाखवले जाईल."

चिठ्ठी अर्ध्या पानाची, आणि प्रश्न मात्र भरपूर आले. एका अम्मींनी तर फाटकातच गाठले. "मॅडम, चेहराच दिसणार नसेल तर नानीला पाठवायचं काय?" प्रश्न रास्त आहे. नागपूरच्या इतर शाळाही असे व्हिडिओ करतात, तेव्हा चिठ्ठीत न मावलेले येथे सविस्तर लिहीत आहोत.

सगळ्यांत जास्त विचारले गेले ते हे, की ज्यांनी नकार दिला त्यांच्याच मुलांचे चेहरे झाका, बाकीच्यांचे कशाला? सुरुवातीला आम्हा शिक्षकांतही हेच मत होते. पण नाटकाचेच उदाहरण घ्या. त्यात बारा मुले होती. समजा एकाच मुलीच्या घरून नकार आला आणि अकरा चेहरे स्वच्छ ठेवून तिचा एकटीचा झाकला. व्हिडिओ पाहणाऱ्याची नजर पहिली कोठे जाईल? त्या डागावरच. वर्गातली मुले अकरा जणांना ओळखतात, म्हणजे बारावी कोण हे आपोआप कळते. मग मोहल्ल्यात चर्चा सुरू, "हिचाच चेहरा का लपवला?" जी गोष्ट त्या घराला नको होती, तीच आपण ठळक करून दाखवली असे होते.

नकार देणाऱ्या घरांची कारणे वेगवेगळी असतात. कोणाला तसवीर काढणेच पटत नाही. कोणाला मुलगी मोठी होत असताना तिचा चेहरा अनोळखी लोकांच्या फोनमध्ये फिरायला नको असतो. आणि काही घरांत आई-वडील वेगळे झालेले असतात, मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात असतो, आणि आईने मुलाला कोणत्या शाळेत घातले हे समोरच्या बाजूला कळू नये अशी खरीच गरज असते. अशी आई शिक्षकांना सगळे सांगेलच असे नाही. "फोटो नको, मॅडम" एवढेच म्हणते आणि निघून जाते. म्हणून चिठ्ठीत "कारण सांगण्याची गरज नाही" हे वाक्य मुद्दाम घातले, आणि वाटून दिलेल्या व्हिडिओत सर्वच मुलांचे चेहरे झाकायचे ठरवले. शिक्षक आणि पाहुणे मोठी माणसे आहेत. त्यांना विचारले, त्यांनी होकार दिला, त्यांचे चेहरे तसेच ठेवले.

आता झाकायचे म्हणजे नेमके काय करायचे? संगणकावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. धूसर करताना प्रत्येक ठिपक्याचा रंग त्याच्या आजूबाजूच्या ठिपक्यांत मिसळला जातो. थोड्याच अंतरापर्यंत मिसळला तर चेहरा ओल्या काचेतून पाहिल्यासारखा दिसतो, आणि ओल्या काचेतूनही आपण आपल्या माणसाला ओळखतोच. दुसरी पद्धत चौकोनी ठोकळ्यांची. १९७३ मध्ये लिऑन हार्मन या संशोधकाने अब्राहम लिंकन यांचे चित्र मोजक्या करड्या ठोकळ्यांत मांडले होते. जवळून पाहिले तर नुसते ठोकळे, पण चार पावले मागे सरून डोळे किलकिले केले की लिंकन लख्ख दिसतात. तेव्हा ठोकळे घातले म्हणजे चेहरा गेला, असे धरून चालता येत नाही.

संगणक तर माणसाच्याही पुढे जातो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, की ज्या व्यक्तींचे स्वच्छ फोटो आधीच हाताशी आहेत, त्यांचे ठोकळे घातलेले किंवा धूसर केलेले चेहरेही सॉफ्टवेअर बऱ्याच वेळा बरोबर जुळवते. आपल्या मुलांचे स्वच्छ फोटो हाताशी नसतात असे म्हणता येईल का? ईदचे फोटो अब्बूंच्या फेसबुकवर असतात, अम्मींच्या व्हॉट्सॲपच्या डीपीवर असतात. चेहरा भोवऱ्यासारखा फिरवून टाकण्याचीही एक तऱ्हा आहे, ती तर अगदीच कुचकामी. २००७ मध्ये इंटरपोलला हव्या असलेल्या एका गुन्हेगाराने स्वतःच्या फोटोंत चेहरा असाच पिळून टाकला होता. जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो पीळ उलटा फिरवला आणि खरा चेहरा बाहेर आला. तेथे ते चांगल्यासाठी झाले, पण तंत्र सगळ्यांसाठी सारखेच आहे. पीळ घातल्याने माहिती पुसली जात नाही, फक्त जागा बदलते.

मग खात्रीचे काय? चेहऱ्यावर एकाच रंगाची भरीव पट्टी. तिच्याखालचे काहीच उरत नाही. पण बारा मुलांच्या तोंडावर काळ्या पट्ट्या लावून पाहिल्या तेव्हा नाटकाऐवजी पोलिसांनी पकडलेली टोळी दिसू लागली, म्हणून ते सोडले. आम्ही इतका जाड धूसरपणा ठेवला की चेहऱ्याच्या जागी एकरंगी गोळाच दिसावा. कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि कानांसकट. पारख करायला एक सोपा प्रश्न पुरतो. व्हिडिओ थांबवा आणि विचारा, डोळे कोठे आहेत हे सांगता येते का? सांगता आले, तर धूसरपणा कमी पडला. हे फोनच्या पडद्यावर तपासू नये. लहान पडद्यावर सगळेच झाकल्यासारखे वाटते. टीव्हीला किंवा मोठ्या पडद्याला जोडून पाहावे.

खरी मेहनत त्यापुढे आहे. चेहरे हाताने एकेक झाकायचे तर हिशेब करून पाहा. एका सेकंदात पंचवीस चित्रे, सात मिनिटांचे ४२० सेकंद, म्हणजे १०,५०० चित्रे, आणि एकेका चित्रात पाच-दहा चेहरे. हे काम सॉफ्टवेअरलाच द्यावे लागते. ते प्रत्येक चित्रात चेहरा शोधते आणि सापडला की झाकते. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये हेच होते. २०२२ मध्ये ते भारतात सुरू झाले तेव्हा पुणे-नाशिकच्या रस्त्यांवरच्या माणसांचे चेहरे असेच आपोआप झाकले गेले. यंत्र कधी जास्तच इमानदार होते. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या नदीकाठी चरणाऱ्या एका गायीचा चेहराही स्ट्रीट व्ह्यूने झाकला होता आणि जगभर हसू झाले. आमच्या व्हिडिओतही मंचामागच्या पडद्यावरचे मौलाना आझाद पहिल्या फेरीत धूसर झाले. ज्यांचा दिवस, तेच गायब! ते परत आणावे लागले.

जास्त झाकले गेले तर हसून सोडून देता येते. कमी झाकले गेले तर मात्र अडचण. समजा सॉफ्टवेअरने हजारातली फक्त पाच चित्रे चुकवली. ऐकायला फारच थोडी. पण १०,५०० मध्ये ती बावन्न-त्रेपन्न होतात, म्हणजे दोन सेकंद उघडा चेहरा. स्क्रीनशॉटला एकच चित्र पुरते. चुकते कोठे, तेही ठरलेले असते. मूल विंगेतून आत येताना अर्धाच चेहरा दिसतो तेव्हा. मान खाली घालून सलाम करते तेव्हा. ओढणी किंवा टोपी कपाळावर उतरलेली असते तेव्हा, समोरच्याचा हात मध्ये येतो तेव्हा, मंचावरचा दिवा रंग बदलतो तेव्हा. मागच्या रांगेतले लहान चेहरे तर हमखास सुटतात.

आमच्या संगणक शिक्षकांनी हे काम शाळेच्याच लॅपटॉपवर deface नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने केले. त्यात चेहरा ओळखण्याची कसोटी सैल करता येते. ती सैल केली की यंत्र शंका आली तरी झाकते. गायी-म्हशी वाढतात, पण चेहरे सुटणे कमी होते. झाकण्याचा आकारही चेहऱ्यापेक्षा दीडपट मोठा ठेवता येतो. लॅपटॉपवरच करण्याचे कारण सरळ आहे. उघड्या चेहऱ्यांची मूळ फाइल इंटरनेटवर जातच नाही. ज्या शाळेत हे जमणार नाही, तिने यूट्यूबवरची सोय वापरावी. YouTube Studio मध्ये व्हिडिओ उघडून Editor मध्ये Blur घेतले की Face blur आणि Custom blur असे दोन पर्याय येतात. पहिला चेहरे स्वतः शोधतो, दुसऱ्यात आपण चौकट आखून देतो आणि Track blur निवडले की ती मुलाबरोबर सरकते. मात्र हे काम पूर्ण होऊन तपासून होईपर्यंत व्हिडिओ Private च ठेवावा, आणि वर दिसणारे छोटे चित्र, म्हणजे थंबनेल, वेगळे तपासावे. आत सगळे झाकलेले आणि दारावरच उघडा चेहरा, असे होऊ शकते.

यंत्राचे झाले की माणसाची पाळी. आम्ही सात मिनिटांचे चार तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा दोघांनी पाहिला, आवाज बंद करून, निम्म्या वेगाने. आवाज चालू असला की मन नाटकात रमते आणि डोळे काम सोडतात. शंका आली तेथे VLC मध्ये E ही कळ दाबत एकेक चित्र पुढे सरकवले. दोघांपैकी एक वर्गशिक्षिका होत्या आणि दुसरे या वर्गाला कधीच न शिकवलेले. हे मुद्दाम. वर्गशिक्षिका तर पाठमोऱ्या मुलालाही चालीवरून ओळखतात, त्यांना न ओळखता येणे शक्यच नाही. अनोळखी माणसाला काय कळते, हे दुसऱ्या डोळ्यांनीच सांगता येते. पहिल्या तपासणीत सहा जागा सापडल्या. त्यांतल्या चार विंगेजवळच्या होत्या.

चेहऱ्यावर इतके लक्ष दिले, पण चेहऱ्यापलीकडेही बरेच काही बोलत असते. बक्षीस वितरणात सूत्रसंचालक मोठ्याने वाचतात, अमुक अमुक, वडिलांचे नाव, वर्ग सातवी ब. चेहरा झाकून हे तसेच ठेवले तर झाकण्याला अर्थ काय? तेथला आवाज काढून फक्त टाळ्या ठेवल्या. मुले प्रशस्तिपत्र कॅमेऱ्यापुढे धरतात, त्यावर पूर्ण नाव असते. ती झाकली. आणि सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे गळ्यातले ओळखपत्र. त्यावर पालकांचा मोबाइल क्रमांक असतो, पत्ता असतो, रक्तगट असतो. आजकालच्या फोनचे चित्रीकरण इतके स्पष्ट असते की चित्र मोठे केले की हे सगळे वाचता येते. पुढच्या कार्यक्रमात ओळखपत्रे मंचावर जाण्याआधी काढून वर्गशिक्षकांकडे द्यायची, असे आता ठरले आहे. घरच्या कार्यक्रमात फोटो काढतानाही एवढे पाहावे, मूल शाळेतून थेट आलेले असेल तर.

एवढे करूनही काय होणार नाही, तेही सांगायला हवे. आपले मूल आपल्याला ओळखू येईलच. आवाजावरून, उभे राहण्यावरून, आपणच शिवून दिलेल्या शेरवानीवरून. मामू, खाला आणि शेजारच्या दादीही ओळखतील. मुलांचे संवाद आम्ही तसेच ठेवले आहेत, आवाज बदलला तर नाटक उरणार नाही. गणवेशावरून शाळाही कळेल. तेव्हा जे घर खरोखर अडचणीत आहे, ज्याला मूल कोठे शिकते हेच कळू द्यायचे नाही, त्याने धूसर चेहऱ्यावर विसंबू नये. चिठ्ठीतला "भाग वगळावा" हा पर्याय त्यांच्यासाठी आहे. धूसर चेहरा अनोळखी माणसापासून वाचवतो, ओळखीच्यापासून नाही.

मूळ चित्रीकरणाचे काय होते, हा प्रश्न फक्त एका अब्बूंनी विचारला, आणि तो सर्वांनी विचारायला हवा होता. बऱ्याच शाळा बाहेरचा शूटिंगवाला बोलावतात. तो व्हिडिओ देतो, पण मूळ कार्ड त्याच्याकडे राहते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नमुना म्हणून आपलीच मुले दाखवली जातात. ठरवतानाच लिहून घ्यावे की कार्ड शाळेचे, ते त्याच दिवशी परत. एखाद्या शिक्षकाच्या फोनवर चित्रीकरण केले तर तो फोन फोटोंची प्रत आपोआप इंटरनेटवरच्या खात्यात ठेवत असतो, ती सोय आधी बंद करावी लागते. आमच्याकडे मूळ फाइल एका पेनड्राइव्हवर, मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. पालकसभेत दाखवली की पुसली जाईल. नानीला पाठवायचे काय, या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. नानींना पालकसभेला घेऊन या. ज्यांना आपल्या एकट्या मुलाचा फोटो हवा आहे, त्यांना तो वर्गशिक्षकांकडून मिळेल, दुसऱ्या मुलाचा चेहरा त्यात नसेल एवढे पाहून.

कायद्याचेही थोडे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याची माहिती वापरण्याआधी आई-वडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. ओळखू येणारा चेहरा हीही माहितीच. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, संमतीविषयीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. दिलेली संमती परत घेण्याचा हक्कही त्यात आहे. प्रवेशाच्या अर्जात तळाशी बारीक अक्षरांत "फोटो वापरण्यास हरकत नाही" असे छापून घेतलेली सही आम्हाला पुरेशी वाटत नाही. कोणता कार्यक्रम, कोणाला पाठवणार, किती दिवस, हे त्या वेळी सांगून विचारावे. मुले शाळेची असतात म्हणून त्यांचे चित्र शाळेचे होत नाही. २०१६ च्या अखेरीस शासनाने शिक्षकांना दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून सरल प्रणालीवर चढवायला सांगितले होते, तेव्हा झालेला विरोध जुन्या शिक्षकांना आठवत असेल.

पण या कायद्यातून एक जागा बाहेर आहे. माणूस स्वतःच्या घरगुती कामासाठी जे करतो, त्याला तो लागू नाही. म्हणजे शाळा १०,५०० चित्रे तपासत बसते, आणि तिसऱ्या रांगेतले एखादे चाचू उभे राहून सगळे नाटक फोनवर घेतात आणि रात्री स्टेटसला ठेवतात. बारा मुले, बाराही चेहरे उघडे. त्यांचा हेतू भाच्या-पुतण्याचे कौतुक एवढाच असतो, पण ज्या आईने "फोटो नको" म्हटले होते तिची मुलगी त्यात शेजारीच उभी असते. शाळेला या फोनांवर धूसरपणा लावता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी कार्यक्रम सुरू होण्याआधी सांगितले जाईल की चित्रीकरण शाळाच करेल, आणि आपल्या मुलाचे फोटो नाटक संपल्यावर बाजूच्या व्हरांड्यात काढता येतील. तेथे पडदा लावून दिला जाईल. ज्यांनी ११ तारखेला फोनवर घेतले आहे, त्यांनी ते घरात पाहावे. गटावर टाकले असेल तर व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी पुसण्याची मुदत साधारण दोनच दिवसांची असते, ती केव्हाच संपली. आता ज्यांना पाठवले त्यांना एकेक करून पुसायला सांगणे एवढेच उरते.

लिंक Unlisted आहे. ती शोधून सापडत नाही, पण ज्याच्या हाती लागेल त्याला उघडते. पुढे पाठवायला हरकत नाही, चेहरे त्यासाठीच झाकले आहेत. व्हिडिओ तीन महिने राहील, मग काढला जाईल. पाहताना कोठे चेहरा उघडा दिसला, तर गटावर लिहू नका, कारण तुमच्या एका ओळीने सगळे जण तेच सेकंद शोधायला जातील. मिनिट आणि सेकंद टिपून थेट वर्गशिक्षकांना फोन करा. व्हिडिओ लगेच Private केला जाईल आणि दुरुस्त होऊनच परत उघडेल.